सहा लाखांचे आठ लाख दहा हजार कसे झाले?

श्रावणातला शुक्रवार होता, २०२४ सालचा. जिवतीची पूजा आटोपून पुरणाचं जेवायला आम्ही सगळे मोठ्या जाऊबाईंकडे जमलो होतो. जेवणं झाली, विडे झाले, आणि मोठ्या भाऊजींनी कपाटातून एक लिफाफा काढून माझ्यापुढे ठेवला. "तू शाळेत शिकवतेस. हे जरा वाचून सांग बघू. बँकेची काहीतरी चूक झालेली दिसतेय."

मी शिकवते ती मराठी आणि इतिहास, तेसुद्धा अर्धवेळ. पण गणिताच्या बाई रजेवर गेल्या की सातवी-आठवीच्या तासाला मलाच धाडतात, त्यामुळे सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज माझ्या डोक्यात अजून ताजं आहे. त्या दुपारी ते कामाला आलं.

पत्र पुतण्याच्या शैक्षणिक कर्जाचं होतं. त्याने २०१९ मध्ये पुण्याला इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला, तेव्हा वर्षाला दीड लाख याप्रमाणे चार वर्षांचे सहा लाख कर्ज मंजूर झालं होतं. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नाही, असं ठरलेलं. या हप्ता थांबलेल्या काळाला बँक मोरॅटोरियम म्हणते. आता ती मुदत ऑगस्टअखेर संपत होती आणि पत्रात लिहिलं होतं की येणे बाकी ८,१०,००० रुपये, मुदत १२० महिने, मासिक हप्ता १०,७०४ रुपये, पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये.

भाऊजींच्या मनात हप्ता आठ हजारांच्या आत होता. तो त्यांनी काही हवेतून आणला नव्हता. कर्ज घेताना बँकेत त्यांनी तक्ता पाहिला होता. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची फेड असेल तर एक लाखाला महिना १,३२१ रुपये ५० पैसे हप्ता बसतो. सहा लाखांचे झाले ७,९२९. तो आकडा त्यांनी पाच वर्षं उराशी धरला होता आणि मुलाच्या पगाराचा हिशेबही त्यावरच मांडला होता. पुतण्याच्या हातात येतात चोवीस हजार, त्यातले अकरा हजार खोली आणि खानावळीतच जातात. पावणेअकरा हजार हप्ता म्हटल्यावर जाऊबाईंचा चेहरा उतरला.

"अहो, पण हप्ता भरायचा नव्हता ना पाच वर्षं? मग वरचे दोन लाख दहा हजार आले कुठून?" त्या म्हणाल्या.

सगळी गोम या प्रश्नातच होती. हप्ता भरायचा नव्हता हे खरं, पण व्याज लागायचं नाही असं कुणीच म्हटलं नव्हतं. पहिले दीड लाख ज्या दिवशी कॉलेजच्या खात्यावर गेले, त्याच दिवसापासून त्यांवर व्याज धावू लागलं. ते कुणी मागत नव्हतं, म्हणून कुणाला दिसतही नव्हतं. बँकेच्या वहीत मात्र ते एका बाजूला साठत होतं.

मी पुतणीची वही ओढली आणि शाळेत फळ्यावर मांडते तसंच मांडलं. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. दर पाचही वर्षं दहा टक्केच राहिला असं धरलं, कारण प्रत्यक्षात तो बदलता असतो आणि थोडा वर-खाली होतो. पहिल्या वर्षीचे दीड लाख ऑगस्ट २०१९ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत, म्हणजे पूर्ण पाच वर्षं उभे होते. त्यांचं व्याज ७५,०००. दुसऱ्या वर्षीचे दीड लाख चार वर्षं उभे, त्यांचे ६०,०००. तिसऱ्यांचे तीन वर्षांचे ४५,००० आणि चौथ्यांचे दोन वर्षांचे ३०,०००. बेरीज केली, दोन लाख दहा हजार. बँकेच्या आकड्याशी तंतोतंत. चूक बँकेची नव्हती. आमच्यापैकी कुणीच पाच वर्षांत वही-पेन्सिल घेऊन बसलं नव्हतं, एवढंच.

आता यापुढची गोष्ट नीट पाहा, कारण खरा फरक तिथे पडतो. मोरॅटोरियम संपतो त्या दिवशी हे साठलेलं व्याज बँक मुद्दलात मिळवते. कालपर्यंत ते 'व्याज' होतं, उद्यापासून ते 'मुद्दल' होतं. आणि मुद्दल म्हटलं की त्यावर पुन्हा व्याज आलंच. म्हणजे पुतण्या पुढची दहा वर्षं त्या दोन लाख दहा हजारांवरही दहा टक्क्यांनी व्याज देणार. सहा लाखांवरचा हप्ता ७,९२९ आणि आठ लाख दहा हजारांवरचा १०,७०४. महिन्याचा फरक २,७७५ रुपये. दहा वर्षांचा फरक काढला तर तो भरतो तीन लाख तेहतीस हजार. न भरलेल्या दोन लाख दहा हजारांची ही किंमत.

हप्त्याच्या पोटात काय असतं तेही त्या दिवशी भाऊजींना दाखवलं. पहिल्या महिन्याचं आठ लाख दहा हजारांवरचं व्याज होतं ६,७५०. म्हणजे १०,७०४ मधले मुद्दलाच्या वाट्याला येतात जेमतेम ३,९५४. पुढे दर महिन्याला मुद्दल थोडं कमी, म्हणून व्याज थोडं कमी, म्हणून मुद्दलाचा वाटा थोडा जास्त, असं ते हळूहळू सरकतं. इतकं हळू, की पंचेचाळीस हप्ते, म्हणजे पावणेचार वर्षं भरल्यावर कुठे बाकी पुन्हा मूळच्या सहा लाखांवर येते. तोवर खिशातून गेलेले असतात चार लाख ऐंशी हजारांवर. हे ऐकून पुतण्या फोनवरून म्हणाला, "काकू, म्हणजे चार वर्षं मी नुसता शून्यावर यायला धावणार?" सहा लाखांना शून्य म्हणायचं झालं तर, हो.

बँकेने पत्रात दुसरी वाटही दिली होती. दहाऐवजी पंधरा वर्षांची मुदत घ्या, हप्ता ८,७०४ होईल. ऐकायला बरं वाटतं. पण त्यात पहिल्या महिन्याचं व्याज तेच ६,७५०, आणि मुद्दलाच्या वाट्याला उरतात १,९५४. बाकी सहा लाखांवर यायला साडेसहा वर्षं. दहा वर्षांत एकूण पावणेतेरा लाखांच्या थोडं वर भरायचे, ते पंधरा वर्षांत साडेपंधरा लाखांच्या वर जातात. तरी लांब मुदत वाईटच असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हाती चोवीस हजार येतात त्याला महिन्याचे दोन हजार म्हणजे दुधाचं, प्रवासाचं आणि फोनचं बिल. शिवाय भारतीय बँक संघाची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे, तिच्यात मुदतीआधी फेड केली तर दंड नाही. तेव्हा पगार वाढेल तसं जास्त भरता येतं. फक्त ते 'जास्तीचं पुढे भरू' किती घरांत खरंच भरलं जातं, हे ज्याचं त्याने आपल्या मनाला विचारावं. आमच्या घरात तरी नाही भरलं जात.

एवढ्यात जाऊबाई उठल्या आणि आतून पोस्टाचं पुस्तक घेऊन आल्या. साठ हजार रुपये होते. पाटल्या करायच्या म्हणून त्यांनी सहा वर्षं बाजूला टाकलेले. "हे आता भरले तर काही उपयोग होतो का गं?"

उपयोग होतो, आणि तोही ३१ ऑगस्टच्या आत भरले तर सरळ हप्त्यातच दिसतो. साठलेल्या व्याजातले साठ हजार आधीच वळते झाले तर मुद्दलात मिळणारं व्याज दीड लाख उरतं. बाकी साडेसात लाख, हप्ता ९,९११. महिन्याला ७९३ रुपये वाचले, दहा वर्षांत पंचाण्णव हजार. हेच साठ हजार डिसेंबरात भरले असते तरी वाया गेले नसते. पण तोवर त्यांवर चार महिन्यांचं व्याज लागलं असतं. शिवाय एकदा हप्ता ठरला की मधे भरलेल्या पैशाने बहुधा हप्ता कमी होत नाही, शेवटचे हप्ते कमी होतात. हप्ताच कमी हवा असेल तर तसा वेगळा अर्ज द्यावा लागतो. आमच्या पुतण्याला अडचण दर महिन्याची होती, पंधरा वर्षांनंतरची नव्हती. म्हणून तारीख महत्त्वाची.

सोमवारी भाऊजींबरोबर मीही बँकेत गेले. कर्ज विभागातल्या बाईंनी पैसे घेतले, आणि आम्ही त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी मागून घेतल्या. एक, ही रक्कम साठलेल्या व्याजापोटी जमा झाली आहे. दुसरी, नव्या बाकीवर काढलेला हप्ता आणि हप्त्यांचा तक्ता. तक्ता मागितल्याशिवाय सहसा हातात पडत नाही, मागितला की दोन मिनिटांत छापून मिळतो. भाऊजींची नोकरी अजून दोन वर्षं आहे, तोवर ते तीन हजार टाकणार आणि बाकीचे पुतण्या भरणार, असं ठरलं. ते सहकर्जदार आहेत. हप्ता चुकला तर नाव फक्त मुलाचं खराब होत नाही, त्यांचंही होतं.

बँकेतल्या बाई बोलक्या होत्या. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट कळली, ती मला स्वतःला नवी होती. पुतण्याचं साठलेलं व्याज सरळव्याजाने मोजलं गेलं होतं. बँक संघाच्या आदर्श योजनेत तसं सांगितलेलंच आहे, की शिक्षणाच्या आणि सुटीच्या काळात सरळव्याज लावायचं. बऱ्याच बँका त्याच बेताने चालतात. पण खाजगी वित्तसंस्थांचे करार निराळे असतात, आणि काही ठिकाणी न भरलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात चढत जातं. मी घरी येऊन तोही हिशेब केला. तेच सहा लाख, तोच दर, तीच पाच वर्षं, पण व्याज दरमहा चढलं असतं तर ऑगस्ट २०२४ मध्ये बाकी आठ लाख पंचावन्न हजारांवर गेली असती आणि हप्ता ११,३०५ झाला असता. नुसत्या पद्धतीच्या फरकाने पंचेचाळीस हजार.

आपलं कर्ज कोणत्या पद्धतीचं हे ओळखायला मंजुरीपत्र वाचावं. त्यात अक्षरं बारीक असतात आणि वाक्यं लांब. नाही उमगलं तर खातेउतारा काढावा. पहिल्या दीड लाखावर दहा टक्क्यांनी महिन्याचं व्याज साधारण १,२५० होतं. महिना तीस दिवसांचा असेल तर १,२३३, एकतीस दिवसांचा असेल तर १,२७४, फेब्रुवारीत आणखी कमी. दुसरा उचल घेण्याआधी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, आकडा एवढ्यातच फिरत असेल तर सरळव्याज. तो चढत चढत १,३७० च्या घरात पोहोचला असेल तर व्याजावर व्याज लागतंय. मधे दर बदलला असेल तर तेवढं लक्षात घ्यावं.

हे कळल्यावर दुसरा प्रश्न आपोआप आला. जाऊबाईंची धाकटी, माझी पुतणी, ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा प्रवेश झाला. पुन्हा चार वर्षं, पुन्हा वर्षाला दीड लाख. या वेळी जाऊबाई म्हणाल्या, "आपण दर महिन्याला व्याज भरूनच टाकू या." भरता आलं तर सोन्याहून पिवळं. पण भरायचं किती? पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ५,०००. वर मुलाच्या हप्त्यातले तीन हजार चालूच. झेपणारं नव्हतं. मग ठरलं की पहिल्या वर्षाचा आकडा, १,२५०, तोच पाचही वर्षं काढायचा. एकूण ७५,०००.

आता हे पैसे दरमहा बँकेत कर्जखात्यावर भरायचे, की दुसरीकडे साठवून मोरॅटोरियम संपायच्या आधी एकदम भरायचे? माझी पहिली समजूत होती की लवकर भरलेलं केव्हाही चांगलं. पण वहीत मांडल्यावर दिसलं की सरळव्याज असेल तर तसं नाही. साठलेल्या व्याजावर त्या काळात व्याज लागतच नाही. त्यामुळे व्याजापोटी आज भरलेले १,२५० आणि शेवटच्या दिवशी भरलेले १,२५० कर्जाच्या दृष्टीने सारखेच. आज भरले तर बाकी होते ७,३५,००० आणि हप्ता ९,७१३. तेच १,२५० पाच वर्षं साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले तर साठतात साडेअठ्ठ्याऐंशी हजारांच्या वर. ते शेवटी भरले की बाकी सात लाख एकवीस हजारांच्या आसपास आणि हप्ता ९,५३०. कर्ज दरमहा व्याज चढवणारं असेल तर मात्र हे उलटं होतं. तिथे दरमहा चढत वर्षाला दहा टक्क्यांनी वाढणाऱ्या पैशाला साडेसहाची ठेव पुरी पडत नाही, म्हणून जेवढं सुचेल तेवढं लगेच भरलेलं बरं. आणखी एक गोष्ट बँकेत विचारून घ्यावी. काही बँका शिक्षणाच्या काळातलं सगळं व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला दरात सूट देतात. तशी सूट असेल आणि पूर्ण व्याज भरणं झेपत असेल, तर हिशेब पुन्हा बदलतो.

ठेवीच्या वाटेत एक धोका आहे, आणि तो गणितात मांडता येत नाही. साठलेले पैसे दिसतात. फ्रीज बंद पडला, कुणाचं लग्न निघालं, की पहिली नजर त्या पुस्तकाकडे जाते. जाऊबाईंचा स्वतःवर विश्वास आहे, सहा वर्षं पाटल्यांचे पैसे न मोडलेली बाई ती. माझ्या घरी असतं तर मी दरमहा कर्जखात्यातच भरले असते आणि तेरा-चौदा हजारांचं नुकसान सोसलं असतं.

पुतणीच्या वेळी आम्ही सरकारी सवलतीचीही चौकशी केली, जी मुलाच्या वेळी कुणी केली नव्हती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, त्या काळापुरती व्याजात तीन टक्क्यांची सवलत आहे. पण कॉलेज त्यांच्या यादीत असावं लागतं. पुतणीचं नव्हतं. उत्पन्नाचा दाखला घेऊन भाऊजी दोन खेपा घालून आले, आणि तिसऱ्या खेपेला यादी बघायची आठवण झाली. आधी यादी बघा, मग दाखल्यामागे लागा.

एक सूचना मुलांसाठी. मोरॅटोरियमची तारीख नोकरी लागण्यावर थांबत नाही. ती अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या मुदतीवरून आणि पुढच्या एका वर्षावरून आधीच खात्यात घातलेली असते. एखादं वर्ष वाया गेलं, किंवा अभ्यासक्रम लांबला, तर बँकेला तारखेच्या आधी लेखी कळवून मुदत वाढवून घ्यावी लागते. पुतण्याच्या खोलीतला एक मुलगा असाच गाफील राहिला. परीक्षा चालू असताना त्याच्या वडिलांच्या खात्यातून पहिला हप्ता वळता झाला.

जाऊबाईंनी आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेला पेन्सिल बांधली आहे. खातेउतारा आला की महिन्याच्या चौकटीत व्याजाचा आकडा लिहितात. पुतणीच्या कर्जाच्या पहिल्या चार महिन्यांत तो १,२३३ आणि १,२७४ या दोहोंतच फिरला. पाचव्या महिन्यात त्यांनी मला फोन केला, "अगं, या महिन्यालाही १,२७४ च आहेत. एकतीस दिवसांचा होता ना हा?" होता.